ताईच्या लग्नाचं सोनं आणि सराफाची भिशी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. भिशीच्या दोन्ही कार्डांचे फोटो पाहिले. पहिल्यावर महिन्याला वीस हजार, अकरा हप्ते, बारावा पेढीचा. ताईचं लग्न पुढच्या मार्गशीर्षात, आणि आई म्हणते की लक्ष्मी रस्त्यावरची एवढी जुनी पेढी आहे, विचार कसला करतोस. यातली कोणती भिशी घेऊ, असं तू विचारलंस. त्याआधी एक गोष्ट ठरव. ज्या पैशावाचून लग्न अडेल, तो पैसा भिशीत घालायचा नाही. या पत्रात हे तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल, कंटाळू नकोस.

तू हप्ता भरलास की कागदावर तो दागिन्यासाठी दिलेला आगाऊ पैसा ठरतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. इथे विमा नाही, तारण नाही, तुझ्या नावावर वेगळं काढून ठेवलेलं सोनंही नाही. पैसा पेढीच्या रोजच्या व्यवहारात मिसळतो. अकरा महिन्यांचं गणितही कायद्यातून आलं आहे. कंपनीने मालासाठी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांच्या आत मालापोटी वळता केला नाही, तर तो ठेव समजला जातो आणि त्याला ठेवींचे कडक नियम लागतात. म्हणून अकरा हप्ते आणि बाराव्या महिन्यात खरेदी. दुसऱ्या कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘दोन वर्षांची ठेव, दरसाल १६ टक्के’ असं छापलंय. ती दागिन्यांची योजनाच नाही. २०१९ साली आलेल्या कायद्याने अशा अनियंत्रित ठेवी घ्यायला बंदी आहे. ते कार्ड फाडून टाक, त्यावर आपण बोलायलाही नको.

आता पहिल्या कार्डाचा हिशेब. वीस हजारांऐवजी पाच हजार धरू, आकडे सोपे पडतील. अकरा हप्त्यांचे ५५,००० होतात, पेढीचे ५,००० धरून ६०,०००. तुझा पैसा सरासरी सहा महिने तिथे राहतो, म्हणून पाच हजारांचा हा लाभ वर्षाला अठरा टक्के व्याज मिळाल्यासारखा दिसतो. सगळे इथेच भुलतात. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर सुमारे १,८०० रुपये व्याज मिळून ५६,८०० होतील. (आवर्ती ठेव बँकेतच काढ. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो.)

पण तुला रुपये नकोत, सोनं हवंय. २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धर. भिशीच्या पेढीत त्या नक्षीच्या पाटल्यांची घडणावळ १८ टक्के आणि वर तीन टक्के जीएसटी असेल, तर ग्रॅम पडतो १२,१५४ रुपयांना. साठ हजारांत सोनं येतं ४.९४ ग्रॅम. सोन्या मारुती चौकात तशाच पाटल्यांना कोणी १० टक्के घडणावळ घेत असेल, तर ग्रॅम पडतो ११,३३० रुपयांना आणि बँकेतल्या ५६,८०० मध्ये येतं ५.०१ ग्रॅम. पेढीने दिलेला बारावा हप्ता घडणावळीने गिळला. या आकड्यांत घडणावळीत साधारण सहा टक्क्यांचा फरक असला, की भिशीचा फायदा शून्यावर येतो. म्हणून पेढीवर विचारायचं ते एवढंच की माझ्या भिशीवर कोणत्या दागिन्याला किती टक्के घडणावळ लागेल, आणि ते कार्डावर लिहून द्याल का. लिहून देत नसतील, तर बारावा हप्ता किती मोठा आहे याला काही अर्थ नाही. हप्ता उशिरा भरला तर लाभ जातो का, नाणं किंवा वळं घेता येतं का, मध्येच सोडलं तर रोख परत मिळते का, हेही त्याच कार्डावर वाच. बहुतेक ठिकाणी खरेदी दागिन्याचीच करावी लागते.

तुझ्या मित्राने ग्रॅमची भिशी सुचवली आहे, म्हणजे दर हप्त्याला त्या दिवशीच्या भावाने वजन जमा करायचं. भाव चढला तर फायदा तुझा, हे खरं. पण पेढीच्या बाजूने बघ. तू १०,००० भरलेस, तुझ्या नावावर एक ग्रॅम लिहिला गेला. पेढीने त्याच दिवशी ग्रॅमभर सोनं घेतलं असेल, तर भाव कुठेही जावो, तिला चिंता नाही. तो पैसा नव्या शोरूमच्या भाड्याला गेला असेल आणि भाव १३,००० झाला, तर दर ग्रॅममागे तीन हजारांचं भगदाड पडतं. दसरा आणि धनत्रयोदशीला शेकडो माणसं एकदम दागिने मागायला येतात आणि ते भगदाड उघडं पडतं. कार्डावर तुझा फायदा सर्वांत मोठा दिसतो, नेमकी तेव्हाच पेढी सर्वांत अडचणीत असू शकते. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीकडच्या एका मोठ्या पेढीची शटर खाली आली, तेव्हा लग्नासाठी पैसे भरलेली कुटुंबं बंद दुकानांपुढे उभी होती. तीही नावाजलेली पेढी होती. म्हणून ‘जुनी पेढी’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. आईंना राग येईल, येऊ दे. लग्न अडेल असा पैसा भिशीत नाही.

पेढी अडचणीत असल्याच्या खुणा बाहेरून दिसतात. मुदत संपली की ‘दागिना घेऊ नका, नवीन भिशी सुरू करा, जास्त देतो’ असा आग्रह होतो. पसंत केलेला दागिना कारागिराकडून येतच नाही, पुढच्या आठवड्याचा वायदा होतो. मांडणीतले हार कमी होऊन हलक्या वजनाचा माल उरतो. यातलं काहीही दिसलं, तर लाभाचा मोह सोड आणि जमा रकमेत बसेल तो हॉलमार्कचा दागिना त्याच दिवशी उचल. त्यावरचा अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तिथेच तपास. शटर पडल्यावर आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार होते, ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, मालमत्ता जप्तही होते. पण त्याला वर्षं लागतात आणि मुहूर्त थांबत नाही.

तर असं कर. वीस हजारांतले पंधरा बँकेत आवर्ती ठेवीत. ताईचं मंगळसूत्र आणि पाटल्या त्यातूनच. पाच हजारांची भिशी हौसेखातर कर, ठुशीसाठी म्हण. ती नाही मिळाली तरी लग्न लागेल. हप्ता यूपीआयने भरताना पडद्यावर पेढीचंच नाव येतंय का बघ, विक्रेत्याचं वैयक्तिक नाव आलं तर थांब. पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. आणि सुरुवातीची तारीख अशी धर, की मुदत पितृपक्षात संपणार नाही. नाहीतर घरचे म्हणतील दसऱ्यापर्यंत थांब, आणि तेवढ्यात ३६५ दिवस उलटतील.

शनिवारी पेढीवर जाशील तेव्हा नियमांच्या पानाचा सरळ, स्पष्ट फोटो पाठव. घडणावळीची ओळ वाचून झाल्याशिवाय पहिला हप्ता भरू नकोस.

तुझा,
काका