उपास सोडतानाचा पहिला अर्धा तास

चि.
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. दिवसभर काही न खाता राहणं तुला जड जात नाही, पण संध्याकाळी जेवल्यानंतरची रात्र मात्र नकोशी होते, असं लिहिलंयस. पोट टम्म फुगतं, छातीत जळजळतं, कूस बदलत पहाट होते. त्यावरून उपास आपल्याला सोसत नाही असा निष्कर्ष तू काढून मोकळा झालास. मला तसं वाटत नाही. तू जे वर्णन केलंयस ते भरल्या पोटाचं दुखणं आहे, रिकाम्या पोटाचं नव्हे. म्हणून आज फक्त उपास सोडण्याबद्दलच लिहिते. आहारतज्ज्ञ म्हणून माझं सगळं आयुष्य लोकांच्या ताटाकडे बघण्यात गेलं, आणि त्याआधी हाच त्रास मी स्वतः भोगलाय.

आधी एक समजूत दूर करते. दिवसभराच्या उपासाने पचनशक्ती झोपी जाते, जठर आक्रसून लहान होतं, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. एका दिवसात असं काही होत नाही. जठरात आम्ल थोडं थोडं पाझरत राहतं. साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्यापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. पोटात गुरगुरतं ते बऱ्याचदा तिच्यामुळेच. पित्ताशय मात्र भरत राहतं, आणि त्यातलं पित्त दाट होत जातं. थोडक्यात, यंत्रणा जागीच असते. मग बिघडतं कुठे? वेगात आणि मापात.

तो हिशेब नीट समजून घे, म्हणजे बाकीचं सगळं आपोआप उलगडेल. खाल्लेलं अन्न जठर एकदम पुढे सोडत नाही. जठराच्या खालच्या तोंडाशी एक अरुंद झडप असते आणि तिच्यापलीकडे लहान आतडं सुरू होतं. किती घ्यायचं हे ते आतडं ठरवतं. स्निग्ध पदार्थ पोचले की ते जठराला ‘थांब’ असा निरोप धाडतं. ढोबळमानाने मिनिटाला दोन-तीन कॅलरी एवढाच माल तिथून पुढे सरकतो. भूक कितीही लागलेली असो, हा वेग काही वाढत नाही. आता बघ, केळं आणि वाटीभर मऊ भात मिळून तीनशे कॅलरी झाल्या, तर जठर दोन-अडीच तासांत बऱ्यापैकी मोकळं होईल. तेच बाराशे कॅलरींचं तेलकट, गोड जेवण साडेआठला उरकलंस तर अगदी चांगल्या वेगानेही पहाटेचे तीन वाजतात. तू अकराला आडवा होतोस तेव्हा निम्म्याहून जास्त जेवण अजून जठरातच असतं.

आणि दिवसभर न जेवलेला माणूस तेवढं खातोच, कारण पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एरवी आपण तेवढ्या वेळात बेतानेच जेवतो. उपासानंतर हात भराभर चालतो, घास न चावताच गिळला जातो, घासाबरोबर हवाही पोटात जाते. ‘पुरे’ हा निरोप येईपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं.

माझी स्वतःची एक रात्र सांगते. सव्विसाव्या वर्षी मी आठवड्यातून एकदा उपास करायची. त्या दिवशी सकाळी सहापासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि रात्री आठला एका समारंभाचं जेवण होतं. बसल्या बसल्या थंडगार गोड सरबताचा पेला एका दमात संपवला. मग तळलेले पदार्थ, मलई घातलेली भाजी, वर दोन वाट्या गोड. सगळं पंधरा मिनिटांत. साडेआठला अंगाला दरदरून घाम आला आणि पोटात कळ येऊन शौचाला पळावं लागलं. नऊला डोळ्यांवर झापड आली. दहाला पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. अकराला आडवी झाले तर घशाशी आंबट पाणी आलं, आणि मग खुर्चीत बसून रात्र काढली.

यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण पुढे शिकताना कळलं. अतिगोड द्रव पटकन आतड्यात उतरतो आणि तिथे शरीरातलं पाणी ओढून घेतो. जठर एकाएकी ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. कळ या दोन्हींमुळे आली. मोठ्या जेवणानंतर रक्ताचा बराच ओघ पोटाकडे वळतो. दिवसभर पाणीही कमी प्यालेलं असेल तर त्याने रक्तदाब उतरून गळाल्यासारखं होऊ शकतं. जठर फुगलं की अन्ननलिकेच्या तळाची झडप अधूनमधून सैल पडते, त्यात स्निग्ध पदार्थांची भर, आणि आडवं झाल्यावर आम्ल खाली ठेवायला उभ्या शरीराचा आधारही उरत नाही. साखरेचं आणखी एक आहे. दिवसभर शरीर चरबीवर चालत असल्यामुळे पहिल्या जेवणातली साखर रक्तातून उचलायला ते थोडं मंद असतं, म्हणून तेच गोड एरवीपेक्षा उपासानंतर रक्तातली साखर जास्त चढवतं.

पुढच्या आठवड्यात मी जे करून पाहिलं तेच तू करून बघ. साडेसातला साध्या तापमानाचं एक पेला पाणी, पाच-सात मिनिटं लावून, घोट घोट. पाण्यावाचूनचा उपास असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण तहान आणि भूक यांत गल्लत होऊन माणूस तहानेपोटी जेवत सुटतो. अशा उपासानंतर दोन पेले घे, पण एका दमात नाही. मग एक पिकलेलं केळं किंवा तेवढंच दुसरं मऊ, गोडसर फळ. आंबट फळं आणि त्यांचे रस रिकाम्या पोटी बऱ्याच जणांना झोंबतात, ते नंतरसाठी ठेव. फळाऐवजी वाटीभर कोमट, पातळ, किंचित मीठ घातलेलं सूपही चालेल. दिवसभर घाम आला असेल तर मी तेच निवडेन.

यानंतर ताटापासून उठ. हा भाग सगळ्यांत कठीण. वीस ते तीस मिनिटं दुसरं काही कर, घरात फेऱ्या मार, कुणाला फोन कर. शंभर कॅलरी पोटात गेलेल्या असतात, साखर हळूहळू रक्तात येत असते, आणि हाताची ती घाई ओसरते. मला अजून आठवतं, त्या पहिल्या खेपेला मी घड्याळ समोर ठेवून बसले होते. दहाव्या मिनिटाला चिडचीड झाली, विसाव्याला स्वयंपाकघरातल्या वासाने जीव कासावीस होणं थांबलं होतं.

मग जेवायला बस. नेहमीच्या जेवणाच्या अर्धं किंवा फार तर दोन तृतीयांश वाढून घे. मऊ शिजलेला भात किंवा उकडलेला बटाटा, शिजलेली भाजी, आणि प्रथिनांसाठी पातळ डाळ, दही किंवा उकडलेलं अंडं. तेल-तूप चमचाभर असू दे, त्याला माझी हरकत नाही. कच्च्या भाज्यांचा ढीग आणि अख्खी कडधान्यं मात्र त्या रात्री नकोत. एरवी ती उत्तमच, पण मोठ्या आतड्यात त्यांचा वायू होतो आणि आधीच हळव्या झालेल्या पोटाला तो जाणवतो. चहा-कॉफी रिकाम्या पोटी पहिली घेऊ नकोस. दिवसभर कॉफी न मिळाल्याने डोकं दुखत असेल तर जेवण झाल्यावर अर्धा कप घे. फक्त झोप उडेल एवढी नको.

जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेव. उपास सोडायलाच उशीर झाला आणि ते जमत नसेल, तर जेवण त्या प्रमाणात कमी कर. डाव्या कुशीवर झोपल्याने जळजळ कमी होते, उशाकडची बाजू थोडी उंच केली तर आणखी बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी भूक लागली, तर रात्रीचं माप बरोबर होतं असं समज. सकाळी जेवणाचं नावही नको वाटलं, तर पुढच्या खेपेला आणखी थोडं कमी वाढून घे.

काही दुखण्यांना मात्र ही युक्ती लागू नाही, तीही ओळखून ठेव. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन अर्ध्या तासाहून जास्त टिकली, पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे गेली, तर पित्ताशयात खडे असू शकतात, डॉक्टरांना दाखव. वारंवार उलटी, काळी शौच, छातीत दाब आणि घाम या गोष्टींना अपचन म्हणून घरी बसू नये. तुझ्या घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर त्यांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय उपास करूच नये. हातपाय थरथरले, घाम फुटला, साखर ७०च्या खाली गेली, तर वर लिहिलेला सगळा सबुरीचा क्रम बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आणि हे सगळं एका दिवसाच्या उपासापुरतंच आहे. कुणी पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर जेवण सुरू होताच रक्तातले फॉस्फेटसारखे क्षार धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. तिथे पहिला घासही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पुढच्या आठवड्यात उपासाच्या दिवशीच मित्राकडे मेजवानी आहे, असं तू शेवटी लिहिलंस. जा खुशाल. निघण्याआधी अर्धा तास घरीच पाणी आणि केळं घे. तिथे ताट एकदाच वाढून घे, भात-भाजीपासून सुरुवात कर, तळलेल्यातलं सर्वांत आवडतं एकच निवड, आणि गोड शेवटी दोन-तीन चमचे. यजमानांनी आग्रह केला तर सोबत बांधून द्यायला सांग, दुसऱ्या दिवशी दुपारी ते तुला जास्त गोड लागेल. रात्री दहा आणि अकरा वाजता पोट कसं वाटलं ते लिहून ठेव आणि मला कळव.

तुझी,
मावशी