आधी फक्त शेरे मोजायचे

*ताई, पाच महिन्यांपूर्वी सरांनी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण शेरे मारून परत पाठवलं. ती फाइल मी अजून उघडलेली नाही. रोज ठरवते, आज बसायचं. मग कपाट आवरते, जुने मेल पुसते, आणि रात्री स्वतःचाच राग येतो. ‘फक्त पाच मिनिटं बस’ हेही करून पाहिलं. पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले आणि उठले. मी मुळातच आळशी आहे का? सरांना तोंड कसं दाखवू?*

आळशी माणूस कपाट आवरायला घेत नाही गं. तू कामाला घाबरत नाहीस, त्या फाइलमध्ये काय लिहिलं असेल त्याला घाबरतेस. फाइलच्या नावावर नजर गेली की पोटात गोळा येतो, खिडकी बंद केली की क्षणात हलकं वाटतं. घात करतं ते हे हलकं वाटणंच. प्रत्येक वेळी मन त्यातून शिकतं की टाळलं की सुटका होते, आणि पुढच्या वेळी गोळा आणखी लवकर येतो. पाच महिने हाच धडा गिरवला गेलाय.

तुझी पाच मिनिटं वाया का गेली, ते नीट समजून घे. तू वेळ लहान केलीस, काम होतं तेवढंच राहिलं. ‘प्रकरण दुरुस्त करायचं’ हा अख्खा डोंगर समोर ठेवून त्याच्यापुढे पाच मिनिटं बसलीस. पायरी लहान करायची म्हणजे असं काम निवडायचं, जे तेवढ्या वेळात पुरं होतं आणि झालेलं डोळ्यांना दिसतं. ‘बसणं’, ‘बघणं’, ‘विचार करणं’ यातलं काही पुरं झालेलं दिसत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला ‘हो, हे झालं’ असं सांगता येईल, तेवढं ठोस काम हवं.

म्हणून पहिल्या दिवशी शेरे वाचायचेच नाहीत, फक्त मोजायचे. फाइल उघड, पान खाली सरकवत जा आणि कागदावर उभ्या रेघा मार. एकूण आकडा लिही, फाइल बंद कर, ऊठ. तीन-चार मिनिटांत होतं. मोजताना शब्दांवर नजर जाईलच, जाऊ दे. पण कुठल्याही शेऱ्याला उत्तर द्यायचं नाही, स्वल्पविरामसुद्धा दुरुस्त करायचा नाही.

मी हे अनुभवानं सांगतेय. माझं एक भाषांतर संपादकांकडून शेऱ्यांनी भरून परत आलं होतं आणि मी ते सात आठवडे गादीखाली ठेवल्यासारखं ठेवलं. माझ्या मनात त्याचा अर्थ एकच होता: सगळं चुकलंय. शेवटी मोजले तेव्हा ४१ शेरे निघाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या दहांपुढे एकेक अक्षर लिहिलं. किरकोळ दुरुस्तीला ‘कि’, वाक्य बदलायचं असेल तर ‘वा’, विचारावं लागेल तिथे ‘प्र’, खरोखर डोकं लावायचं असेल तिथे ‘डो’. चार दिवसांत सगळे वाटून झाले. २६ किरकोळ होते, ९ वाक्यांचे, ४ विचारायचे, आणि डोकं लावायचे फक्त २. त्या दोनांनी मला खरंच दमवलं, एका परिच्छेदाची पुरी मांडणी बदलावी लागली. पण सात आठवडे मी ४१ जड शेरे डोक्यावर घेऊन फिरत होते.

तुझ्याकडे जड शेरे दोन नसतील, दहा असतील. तरीही ते दहा कुठले, हे कळल्यावर त्यांना हात घालता येतो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ती गोष्ट. वेळ संपली की खरंच उठायचं. ‘पाच मिनिटं म्हणून बसू, एकदा बसले की दोन तास करीनच’ असा छुपा बेत मनात ठेवलास, तर मनाला तो कळतो, आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचं नाव काढलं तरी ते दोन तास समजूनच अंग चोरतं. काही जण सांगतात की लय लागली तर थांबू नका. पुढे ते बरोबर आहे. पण पहिले चार दिवस मी तुला थांबच म्हणेन, आणखी करावंसं वाटलं तरी. आधी स्वतःच्या शब्दावर तुझा विश्वास बसू दे. पाचव्या दिवसापासून मन म्हणेल तेवढं कर.

उठण्याआधी पुढच्या पायरीची चिठ्ठी लिहून ठेव. ‘उद्या: शेरा ११ पासून २० पर्यंत अक्षरं’, इतकी नेमकी. नुसतं ‘उद्या पुढचं’ लिहिलंस, तर उद्या पुन्हा कोऱ्या डोक्यानं सुरुवात करावी लागेल. आणि ‘सकाळी कधीतरी’ असं ठरवू नकोस, रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला ते बांध: दात घासून झाले की टेबलाशी. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याच ‘अमुक झालं की तमुक’ प्रकारच्या ठरवण्यावर लिहिलं होतं. तेव्हा करू की नको हा वाद उरत नाही, दात घासणं हीच खूण होते.

पायरी अजून मोठी आहे हे कसं ओळखायचं? ‘आधी जरा टेबल पुसते’ असं मनात आलं की समजायचं. तेव्हा स्वतःला न रागावता ती अर्धी कर. दहा शेरे नको, पाच. मोजणंही जड वाटत असेल, तर आज नुसती फाइल मेलमधून उतरवून समोर ठेव, आणि नाव बदलून तिची एक प्रत कर. त्या प्रतीत काही बिघडलं तरी मूळ फाइल शाबूत राहते.

सरांचं म्हणशील, तर त्यांना आज तोंड दाखवायची गरज नाही. शेरे वाटून झाले, ‘प्र’चे शेरे हाती आले, की दोन ओळी पाठव: ‘सर, तिसऱ्या प्रकरणाच्या दुरुस्त्या सुरू केल्या आहेत. चार शेऱ्यांबद्दल विचारायचं आहे, आपल्याला कधी सोयीचं होईल?’ पाच महिन्यांचं स्पष्टीकरण त्यात घालू नकोस. ते लिहायला बसलीस, तर त्या मेलचंच नवीन टाळायचं काम होईल. त्यांनी विचारलं, तर ‘शेरे उघडायची भीती वाटत होती’ हे खरं सांग.

एक मात्र लक्षात ठेव. एखादा शेरा कसा सोडवायचा हेच माहीत नसेल, तर त्याचे कितीही बारीक तुकडे केलेस तरी तो सुटणार नाही, तो ‘प्र’मध्ये टाक. आणि फक्त ही फाइलच नाही, तर झोप, जेवण, माणसांशी बोलणं असं सगळंच आठवड्यानुआठवडे नकोसं झालं असेल, तर चिठ्ठ्या-रेघांवर थांबू नकोस, डॉक्टरांना भेट. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण ते तुलाच ठाऊक.

आज रात्री प्रत करून ठेव, टेबलावर एक कोरा कागद आणि पेन. उद्या किती शेरे निघाले ते मला लिही. नुसता आकडा लिहिलास तरी चालेल.

— तुझी ताई