कुत्र्याने चॉकलेट खाल्लं आणि तो ठणठणीत दिसत असेल, तर थांबायचं का?

प्रश्न: आमच्या कुत्र्याने चॉकलेट किंवा घरातलं एखादं विषारी रोप खाल्लं आणि तो अगदी बरा दिसत असेल, तर लगेच दवाखान्यात न्यायलाच हवं का? लक्षणं दिसेपर्यंत थांबलं तरी चालतं का?

उत्तर:

थांबू नका, पण गाडीत बसण्याआधी फोन करा. दोन मिनिटांच्या बोलण्यात बहुतेक वेळा ठरतं की प्राण्याला आणायचं की घरीच नजर ठेवायची. जनावर बरं दिसतंय यावरून मात्र काहीच ठरत नाही. विष पोटात असलं तरी रक्तात पुरेसं उतरेपर्यंत कुत्रा खेळतोच, आणि आमच्या हातात सगळ्यात जास्त उपाय असतात ते नेमके त्याच वेळेत.

मी पशुवैद्य आहे आणि रात्रपाळीत असे फोन घेते. पहिला प्रश्न मी काय खाल्लं हा विचारत नाही. श्वास नीट चालू आहे का, उभा राहतोय का, झटके येताहेत का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या, हे आधी विचारते. यातलं काही बिघडलेलं असेल तर बाकीची चौकशी वाटेत करू, आधी निघा, असं सांगते. सगळं ठीक असेल तर चार गोष्टी हव्या असतात: वजन किती, नेमकं काय खाल्लं, किती खाल्लं आणि केव्हा. वेष्टन हाताशी असेल तर त्यावरचा मजकूर वाचून घेते.

एक प्रसंग सांगते, म्हणजे या चार गोष्टींचं आम्ही काय करतो ते कळेल. घरातले सगळे दुपारी दोनला बाहेर गेले आणि पाचला परतले. 100 ग्रॅमचं 70 टक्के कोकोचं डार्क चॉकलेट टेबलावर होतं, त्यातलं 30 ग्रॅम जमिनीवर उरलं होतं. घरात दोन कुत्रे, एक 12 किलोचा आणि एक 24 किलोची. दोघेही शेपटी हलवत दारात आले. फाटलेला कागद मोठीच्या गादीवर सापडला, म्हणून फोन करणाऱ्या ताईंना खात्री होती की तिनेच खाल्लं.

अशा वेळी आम्ही दोन गोष्टी गृहीत धरतो. ज्यांना खाता आलं असतं त्या प्रत्येकाने एकट्याने सगळं खाल्लं, आणि शक्य तितक्या लवकर, म्हणजे इथे दोनच्या सुमारास खाल्लं. अंदाज चुकायचाच असेल तर तो प्राण्याच्या बाजूने चुकावा.

आता हिशोब. चॉकलेटमध्ये कुत्र्याला घातक ठरतं ते थिओब्रोमिन, आणि त्याच्या जोडीला थोडं कॅफिन. 70 टक्क्यांच्या डार्क चॉकलेटमध्ये ही दोन्ही मिळून ग्रॅममागे साधारण 9 मिलिग्रॅम भरतात. म्हणजे 70 ग्रॅममध्ये सुमारे 630 मिलिग्रॅम. 24 किलोला भागलं तर किलोमागे 26, आणि 12 किलोला भागलं तर 52. किलोमागे 20 च्या आसपास उलट्या, जुलाब, तहान आणि अस्वस्थपणा सुरू होतो. 40 ते 50 ला हृदयाचे ठोके बिघडू लागतात, 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. या रेषा काटेकोर नसतात, एखादा कुत्रा कमी मात्रेतही जास्त त्रास दाखवतो. तरी या आकड्यांवरून मी दोघांनाही ताबडतोब आणायला सांगितलं, आणि लहानाची जास्त काळजी करायला सांगितलं.

तेच 70 ग्रॅम दुधाच्या चॉकलेटचे असते तर ग्रॅममागे जेमतेम सव्वादोन मिलिग्रॅम निघालं असतं, म्हणजे लहानाला किलोमागे 13. मग पोट बिघडेल, नजर ठेवा, एवढंच मी म्हटलं असतं. कोको पावडर असती तर गोष्ट फार वाईट होती, कारण तिच्यात ग्रॅममागे 25 मिलिग्रॅमच्या वर थिओब्रोमिन असू शकतं. म्हणूनच नुसतं 'चॉकलेट खाल्लं' यावर मला काहीच ठरवता येत नाही.

पावणेसहाला ते पोहोचले. आम्ही दोघांनाही अपोमॉर्फिनचं इंजेक्शन देऊन उलटी काढली. मोठीच्या उलटीत फक्त जेवण निघालं. लहानाच्या उलटीत चॉकलेटचा चिकट तपकिरी गोळा आणि चांदीच्या कागदाचे तुकडे. एरवी खाल्ल्याला दोन तास उलटले की पोटातून फारसं हाती लागत नाही. चॉकलेट मात्र पोटात वितळून गोळ्यासारखं राहतं, म्हणून उशिरा आलेल्या कुत्र्यातही उलटीचा उपयोग होतो. मोठीला काही तास नजरेखाली ठेवून घरी पाठवलं. गादीवरच्या कागदाने सगळ्यांना फसवलं होतं.

लहानाला उलट्या थांबल्यावर, तो पूर्ण शुद्धीत आहे याची खात्री करून, किलोमागे 1 ग्रॅम या हिशोबाने 12 ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल दिला. आतड्यात उतरलेलं विष तो धरून ठेवतो. गुंगीत असलेल्या कुत्र्याला तो द्यायचा नसतो, कारण फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. मग सलाईन लावलं आणि ठरावीक वेळाने त्याला लघवीला बाहेर नेत राहिलो. हे शेवटचं काम क्षुल्लक वाटेल, पण थिओब्रोमिन मूत्राशयाच्या आवरणातून पुन्हा रक्तात शिरतं. लघवी तुंबून राहिली तर बाहेर पडायच्या वाटेवर असलेलं विष परत आत येतं.

आला तेव्हा त्याचे ठोके मिनिटाला 130 होते, आणि गाडीतल्या घाबरण्याने तेवढे होऊ शकतात. रात्री दहाला ते 180 वर गेले, तो धापा टाकत पिंजऱ्यात गोल फिरू लागला. म्हणजे खाल्ल्यापासून आठेक तासांनी खरी लक्षणं दिसली. ईसीजीवर नजर ठेवून ठोके खाली आणणारं औषध हळूहळू द्यावं लागलं. घरी वाट बघितली असती तर हे सगळं रात्री घरात घडलं असतं, आणि तोवर तो गोळाही पोटात राहिला नसता. शरीरात मेंदूला आणि हृदयाला शांत ठेवणारं ॲडेनोसिन नावाचं द्रव्य असतं. थिओब्रोमिन त्याची जागा अडवतं, म्हणून सगळं एकदम वेगात चालू होतं. माणूस थिओब्रोमिन बराच लवकर निकामी करतो. कुत्र्याच्या अंगातून त्याचा निम्मा भाग जायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. म्हणून मोठ्या मात्रेचा त्रास कधी कधी दोन-तीन दिवस चालतो. या कुत्र्याच्या पोटातून बराच भाग बाहेर आला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी गेला. पुढचे तीन दिवस पोट दुखतंय का, पुन्हा उलट्या होतात का ते बघायला सांगितलं, कारण चॉकलेटमधल्या तुपकट भागामुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

घरी उलटी काढावी का, हे प्रत्येक जण विचारतो. मिठाचं पाणी कधीही पाजू नका. उलटी झाली नाही तर तेवढं मीठ रक्तात उतरतं आणि त्यानेच मेंदूला सूज येऊन कुत्रे दगावतात. घशात बोट घालू नका. दूध किंवा तेल पाजून विष 'मरत' नाही. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कधी कधी कुत्र्यांत वापरतात, पण त्याने जठराला जखमा होतात, म्हणून पशुवैद्याने फोनवर मात्रा सांगितल्याशिवाय नको, आणि मांजरात तर नकोच. सुस्तावलेल्या किंवा झटके येणाऱ्या प्राण्यात, आणि पोटात ॲसिड, फरशी साफ करायचं द्रव किंवा रॉकेलसारखं काही गेलं असेल तर उलटी काढणंच चूक, कारण वर येताना ते पुन्हा भाजतं किंवा फुप्फुसात जातं.

चॉकलेटला हिशोब आहे, पण प्रत्येक गोष्टीला नाही. द्राक्षं आणि मनुका घ्या. एक कुत्रा मूठभर मनुका खाऊन काहीच दाखवत नाही, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्या मनुकांनीही निकामी होतात. 2021 मध्ये प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षागणिक ते कमीजास्त असतं, त्यामुळे हा फरक पटण्यासारखा आहे. सुरक्षित मात्रा सांगता येत नसल्याने मी मनुकांच्या फोनवर भागाकार करत बसत नाही, आणायला सांगते.

साखरविरहित च्युइंगगममधल्या झायलिटॉलला तर फोन लांबवायलाही वेळ नसतो. किलोमागे 0.1 ग्रॅम पुरेसं होतं आणि अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. चारकोल त्याला धरत नाही. वेष्टनावर 'बर्च शुगर' असं लिहिलेलं असेल तर तेही हेच.

रोपांबद्दल विचारलंत, तर मला सगळ्यात भीती वाटते मांजर आणि लिली यांची. 'लिली' हे नाव फसवं आहे. पीस लिली चावली तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडं जात नाहीत. खरी लिली आणि डे लिली मात्र मांजराच्या मूत्रपिंडांना मारतात. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, अंगावर पडलेले आणि चाटून गेलेले परागकण, काहीही पुरतं. म्हणून रोपाचा फोटो पाठवा. फूल, पान आणि देठ त्यात दिसू द्या. आणि अंगावर पराग दिसत असतील तर मांजराला चाटू न देता ते ओल्या फडक्याने पुसून घ्या.

तुमच्या प्रश्नातला 'बरा दिसतोय' हा भाग सगळ्यात जास्त फसवतो तो इथेच. मांजराला पहिल्या काही तासांत एक-दोन उलट्या होतात, मग ते शांत होतं, घरच्यांना वाटतं निभावलं. आत मूत्रपिंडाच्या पेशी मरत असतात, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा थांबते. खाल्ल्यापासून 18 तासांच्या आत सलाईन सुरू करून दोन दिवस भरपूर दिलं तर बहुतेक मांजरं वाचतात. त्यानंतर आलेल्या मांजरासाठी डायलिसिसखेरीज फारसं काही उरत नाही. संध्याकाळी पाकळीवर दातांची खूण दिसली आणि मांजर गादीवर आरामात झोपलेलं असलं, तरी त्याच संध्याकाळी निघा.