ओईटीचा निकाल आणि दोन वर्षांची मुदत

ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीला ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलण्यात ३५० आणि लेखनात ३०० लागतात. समज, तुला लेखनात २८० पडले आणि बाकी तिन्हींत ३५०च्या वर, तर निकाल वाया गेला असं समजू नकोस. बारा महिन्यांच्या आत पुन्हा बस. तेव्हा लेखनात ३१० आले आणि ऐकण्यात ३३०वर घसरलीस, तरी दोन्ही निकाल जोडून चालतात. मात्र दोन्ही वेळा पहिल्या तिन्हींत ३००च्या खाली जायचं नाही, आणि लेखनातही फार खाली घसरून चालत नाही.

निकाल दोन वर्षं चालतो. जोडलेस तर जुन्या निकालाची तारीख सांभाळ. म्हणून नोंदणीचे कागद आधी हलव, इथल्या नर्सिंग काउन्सिलची पडताळणी रेंगाळते. परीक्षा नंतर दे.