मॉर्फीन, मिडाझोलाम आणि शेवटच्या दिवसांतली झोप

*आईला कॅन्सर आहे, डॉक्टर म्हणतात शेवटचे दिवस आहेत. परवापासून मॉर्फीन आणि मिडाझोलामचा पंप लावलाय आणि ती जवळजवळ झोपूनच असते. औषधांनीच तिला झोपवलंय का? डोस कमी करायला सांगू का?*

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये नर्स आहे. डोसबद्दल बोलण्याआधी टीमला दोन गोष्टी विचारा: पंपातून चोवीस तासांत किती मिलिग्रॅम जातंय, आणि पंप लागण्याआधी तोंडाने किती जात होतं. मग झोप कधीपासून वाढली ते आठवून पाहा. पंपाच्या आधीच ती दिवसेंदिवस जास्त झोपत होती का?

ही दोन औषधं वेगवेगळ्या कामांसाठी असतात. मॉर्फीन वेदना आणि धाप कमी करतं. झोपवणं हे त्याचं काम नाही. मिडाझोलाम अस्वस्थता, घाबरेपणा आणि फिट यांच्यासाठी. त्याने वेदना जात नाहीत. मिडाझोलाम चोवीस तासांत १० ते २० मिलिग्रॅम असेल तर हेतू बहुधा शांत ठेवण्याचा असतो, गाढ झोपवण्याचा नाही. मुद्दाम गाढ झोपवायचं असेल, तर तो वेगळा निर्णय असतो आणि तो घरच्यांशी बोलूनच घ्यायला हवा. तेव्हा सरळ विचारा: "तुम्हाला तिला शांत ठेवायचंय की झोपवायचंय?" हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

एक उदाहरण सांगते. एक बाई दर चार तासांनी मॉर्फीनची १० मिलिग्रॅमची गोळी घेत होत्या, म्हणजे दिवसाला ६०. गिळता येईना म्हणून पंप लावला. त्वचेखालून दिलेलं मॉर्फीन तोंडाने दिलेल्याच्या साधारण दुप्पट लागू पडतं, म्हणून पंपात ३० भरलं. घरच्यांना वाटलं नवीन, जोरकस औषध सुरू झालं. खरं तर औषध तेवढंच होतं, फक्त वाट बदलली होती. नवीन होतं ते १० मिलिग्रॅम मिडाझोलाम. पहिल्या रात्री त्या खूप झोपल्या, दुसऱ्या दिवशी हाक मारली की डोळे उघडून बोलत होत्या. औषधाची गुंगी बहुतेकदा अशीच असते: सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत येते आणि दोन-तीन दिवसांत बरीचशी ओसरते.

मग लघवी कमी झाली. गुंगी परत वाढली, हातापायांना बारीक झटके येऊ लागले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. हे मात्र औषधाचं होतं. मॉर्फीनपासून शरीरात तयार होणारे घटक किडनीवाटे बाहेर जातात. किडनी मंदावली की ते साठतात आणि तोच डोस जास्त होतो. डॉक्टरांनी मॉर्फीन बंद करून किडनीवर कमी अवलंबून असलेलं फेंटॅनिल लावलं. झटके थांबले, त्या जाग्या झाल्या, मुलीला ओळखलं.

त्यानंतर पंपातलं काहीही न बदलता त्या पुन्हा झोपेत जाऊ लागल्या. आधी दोन घोट पाण्यापुरत्या उठायच्या, मग तेही थांबलं. हात-पाय गार पडले, श्वास काही वेळ भरभर चालायचा आणि मध्येच थांबायचा. ही आजाराची ग्लानी होती. अशा वेळी डोस कमी केला तरी माणूस जागा होत नाही, उलट वेदना आणि तगमग परत येण्याची भीती असते. म्हणून पंप स्वतःहून कधीही बंद करू नका.

तुम्ही घरी काय पाहाल? श्वास अनियमित असणं, मध्ये मोठा खंड पडणं, घशात घरघर होणं हे सहसा शरीर थांबत चालल्याचं असतं. याउलट श्वास एका लयीत पण फार संथ, मिनिटाला आठच्या खाली, बाहुल्या बारीक किंवा वर सांगितलेले झटके असतील, तर टीमला लगेच फोन करा, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. झोपेतही कपाळावर आठ्या असतील, कूस बदलताना ती कण्हत असेल, तर वेदना पुरत्या आटोक्यात नाहीत. तेव्हा मॉर्फीनचा जादा डोस लागतो, मिडाझोलामने तिला नुसतं गप्प करून भागत नाही. आणि अचानक तळमळ सुरू झाली तर लघवी तुंबली आहे का ते आधी बघायला सांगा. मॉर्फीनने असं होतं, आणि तेव्हा नळी घातली की औषध न वाढवताही माणूस शांत होतो.

आणखी एक, कारण हे नंतर फार छळतं. जादा डोस दिल्यानंतर तासाभरात आई गेली, तर "मी दिलेल्या इंजेक्शनने गेली" असं कुणालातरी वाटेल. तिच्या नेहमीच्या मात्रेत बसवलेल्या अशा डोसने मृत्यू ओढवत नाही. शेवटच्या दिवसांत कुठला ना कुठला डोस शेवटचा असतोच. इंजेक्शन देण्याचं काम घरातल्या ज्याच्याकडे आहे, त्याला हे आजच सांगून ठेवा.