गाळा की प्लॉट?

प्रश्न: थोरल्या भावाने आठ महिन्यांपूर्वी एकाच बक्षीसपत्रात शाहूपुरीतला त्याचा गाळा मला दिला आणि कसबा बावड्यातला माझा प्लॉट त्याच्या मुलाला देऊन टाकला. मीही सही केली. गाळ्यात अजून भाऊच बसतो, मला महिना १५ हजार भाडं देतो. गेल्या महिन्यात कळलं, गुळाच्या व्यापारात त्याच्यावर ५५ लाखांचं देणं आहे आणि एक व्यापारी कोर्टात जाणार आहे. गाळा ४५ लाखांचा, प्लॉट ३० लाखांचा. काय धरू, काय सोडू?

उत्तर: देणं नसतं तर मी डोळे झाकून गाळा घ्या म्हटलं असतं. आता प्लॉट धरा.

तुमचा प्लॉट भावाचा नव्हताच, त्यामुळे तो देण्याचा हक्कही त्याला नव्हता. पण ज्या दस्तात तुमची वस्तू दुसऱ्याला दिली, त्याच दस्तात तुम्हालाही काही दिलं असेल तर दोन्ही खिशात घालता येत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ३५ हेच सांगतं: गाळा हवा तर प्लॉट जाऊ द्या, प्लॉट हवा तर गाळा परत करा. हीच 'निवड'.

पुतण्याचा वकील म्हणेल, सही केली, आठ महिने भाडं घेतलं, म्हणजे निवड झालीच की! इथेच तुमचा बचाव आहे. लाभ घेतल्याने निवड पक्की होते ती कधी? निवड करणं आपल्यावर आहे हे ठाऊक असेल आणि शहाण्या माणसाचा निर्णय फिरवू शकेल अशी परिस्थितीही ठाऊक असेल तेव्हा. किंवा आपणहून चौकशीच सोडून दिली असेल तेव्हा. ५५ लाखांचं देणं ही साधी परिस्थिती नव्हे, आणि ती तुम्हाला सहीच्या दिवशी माहीत नव्हती. मात्र हे सिद्ध करावं लागेल. कधी, कोणाकडून कळलं ते आजच तारखेनिशी लिहून ठेवा. आता कळल्यावरही भाडं घेत राहिलात तर हा बचाव तुम्हीच घालवाल. नाराजी न दाखवता दोन वर्षं लाभ भोगला तर सगळं माहीत होतं असं कोर्ट उलट पुराव्याअभावी गृहीतच धरतं.

आता गाळ्याकडे या. कलम ५३ प्रमाणे धनकोंना बुडवण्याच्या किंवा लटकवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतर ते कोर्टातून रद्द करून घेऊ शकतात. प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेणाऱ्याला संरक्षण आहे; तुमचं बक्षीस, मोबदलाच नाही. हेतू कोणी कागदावर लिहून ठेवत नाही, तो खुणांवरून काढतात. मी पक्षकाराला पहिल्यांदा विचारतो, गाळ्यात आज कोण बसतं, लाइट बिल कोणाच्या नावावर? तुमच्याकडे भाऊच गल्ल्यावर बसलाय, दस्त सख्ख्या भावाला, फुकट. तगाद्याची नोटीस दस्ताच्या आधीची निघाली तर अवघड आहे. भावाकडे देणं फिटेल एवढी दुसरी मिळकत असेल तर चित्र बदलतं, पण तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका: एका धनकोला झुकतं माप दिलं म्हणून ती फसवणूक ठरत नाही. मुसाहर साहू विरुद्ध हकीम लाल या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९१५ सालीच हे सांगितलंय. तुमचं भावाकडे खरंच ४५ लाखांचं जुनं येणं असतं आणि त्यापोटी गाळा मिळाला असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. आता तसा हिशेब मागाहून बनवायला जाऊ नका.

तेव्हा गाळा धरलात तर प्लॉट पुतण्याकडे जाईल, आणि धनकोंचा दावा मंजूर झाला की गाळाही त्यांच्या वसुलीला लागेल. हा दावा एकट्या व्यापाऱ्याने स्वतःपुरता लावून चालत नाही, सगळ्या धनकोंसाठी लावावा लागतो, म्हणून एकाला गप्प करून सुटका नाही. प्लॉट धरलात तर गाळा भावाकडे परत जाईल आणि धनको तिथे वसुली करतील. प्लॉट कधीच भावाचा नव्हता, त्याला ते हात लावू शकत नाहीत.

पुतण्याला भरपाई द्यावी लागेल का? भाऊ हयात आणि धडधाकट आहे, दस्त फुकटचा आहे, तेव्हा आज नाही. पण तुम्ही निवड करण्याआधी भाऊ गेला, तर परत गेलेल्या गाळ्यातून प्लॉटच्या किमतीएवढे, म्हणजे ३० लाख, पुतण्या मागू शकतो, आणि मग धनको, पुतण्या, वारस असा तिढा होतो. उशीर नको तो यासाठीच.

या आठवड्यात वकिलामार्फत भावाला आणि पुतण्याला स्पीड पोस्टाने नोटीस द्या: प्लॉटच्या हस्तांतराला माझी संमती नाही, गाळ्यावरचा हक्क मी सोडतो. आठ महिन्यांचं १ लाख २० हजार भाडं बँकेतून परत करा, रोख नको. पुतण्याने प्लॉटच्या प्रॉपर्टी कार्डावर नाव लावायला अर्ज केलाय का, तेही सिटी सर्व्हे ऑफिसात आजच बघून या.