सत्तेचाळिशीत जर्मन: जीभ ‘ए’ची, ओठ ‘ओ’चे

ताई, सत्तेचाळिशीत जर्मन जमेल का, असं विचारलंत. मी पंचेचाळिशीत, गंगापूर रोडवरच्या क्लासला जाऊन सुरुवात केली. वर्गात सगळी विशीतली पोरं!

‘लहानपणीच भाषा येते’ या समजाला 1967 साली भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्ग यांनी शास्त्रीय रूप दिलं. पण त्यांचा मुख्य मुद्दा मातृभाषेचा होता: ती वयात येण्याआधी कानावर पडली नाही, तर पुढे नीट येत नाही. तुमच्याकडे मराठी पक्की आहे. शब्द आणि नियम मोठी माणसं सुरुवातीला मुलांपेक्षा वेगानंच उचलतात. अडतं ते उच्चारात, आणि तो अगदी तिथल्यासारखा बहुधा होत नाही.

माझंच बघा. ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. ‘सुंदर’साठीचा शब्द जवळपास तसाच, फक्त स्वर वेगळा. दोन महिने मला दोन्ही सारखेच ऐकू यायचे. मग युक्ती कळली: ‘शेन’ म्हणा, ‘ए’ लांबवा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ तेवढे ‘ओ’सारखे गोल करा. आरशात बघून करा, जीभ मागे सरकली की पुन्हा ‘शोन’च होतं. नंतर जोडीतला एकेक शब्द दुसऱ्याकडून म्हणवून घ्या आणि न बघता ओळखा. दहापैकी नऊ बरोबर आले की पुढचा स्वर घ्या.